आजीच्या जुनेरांची गोधडी

प्रश्न : ताई, माझ्या मामेबहिणीचं लग्न अकरा आठवड्यांवर आलंय. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी आम्ही दोघी एकाच गोधडीत झोपायचो, इतकं आमचं सख्य. ती आणि तिचा होणारा नवरा, दोघांनी मिळून पुण्यात फ्लॅट घेतलाय आणि घर अगदी चमच्यांपर्यंत लावून झालंय. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असंही छापलंय. पण मी हात हलवत कशी जाऊ? पाकीट द्यायला मन घेत नाही, ते परक्यानं दिल्यासारखं वाटतं. वस्तू दिली तर ती माळ्यावर जाणार. पाच हजारांपर्यंत खर्च करू शकते. शिवणटिपण मला बटण लावण्यापुरतंच येतं. काय देऊ? – एक वाचक, नाशिक

उत्तर :

पाकिटाबद्दल आधी बोलू, कारण त्यात परकेपणा असतो हे मला पुरतं पटत नाही. आहेर ही मुळात लग्नघराला केलेली मदत. कोणी किती दिले ते वहीत लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढेच, जमल्यास थोडे जास्त, परत करायचे. आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी, असा तो फिरता आधार होता. नुकतंच घर घेतलेल्या, हप्ते भरणाऱ्या जोडप्याला आजही पाकिटाचा खरा उपयोग होतो. त्यामुळे हा सल्ला वाचणाऱ्या इतर कुणाला पाकीटच द्यायचं असेल, तर खुशाल द्यावं. तुमच्या बाबतीत मात्र बहिणीनं छापूनच ‘नको’ म्हटलंय, तेव्हा तो मार्ग तिनंच मिटवलाय.

दुसरं, घर भरलेलं आहे म्हणजे बाजारात मिळतं ते सगळं घरात आलंय. आजोळचं काय आलंय? मला वाटतं, काहीच नाही. तुमच्या पत्रात देण्याची वस्तू तुम्हीच लिहून गेला आहात, फक्त ती तुम्हाला भेट म्हणून दिसली नाही. मी गोधडीबद्दल बोलतेय. तुमच्या दोघींच्या आजीच्या साड्यांची गोधडी.

चांदीचं निरांजन, भिंतीवरचं घड्याळ, हॉटेलचं व्हाउचर या गोष्टी वाईट नाहीत. पण त्या कुणीही कुणालाही देऊ शकतं. आजीच्या लुगड्यांची गोधडी त्या मुलीला देऊ शकतील अशी माणसं जगात पाच-सात असतील आणि त्यातल्या तुम्ही एक आहात. शिवाय ही अंगावर घ्यायची वस्तू आहे, ती शोकेसमध्ये जागा अडवत नाही.

आता ती नीट कशी होते ते सविस्तर सांगते. गोधडी सोपी दिसते, पण मी स्वतः एकदा फसलेय आणि तुम्ही फसू नये असं मनापासून वाटतं.

पहिला आठवडा सुईला हातही लावायचा नाही. तो मामींशी बोलण्याचा आठवडा. आजीच्या साड्या कुणाकडे आहेत, त्यातल्या कोणत्या कापल्या तरी चालतील आणि कोणत्या कुणीतरी नेसण्यासाठी ठेवल्यात, हे विचारा. आई, मावश्या, मामी यांतल्या एकीनं जरी एखाद्या साडीवर हात ठेवून “ही राहू दे” म्हटलं, तर ती राहू द्या. आजी हयात असतील तर प्रश्नच नाही, त्याच निवडून देतील. हयात नसतील तर आणखी एक गोष्ट हळूच विचारायला हवी. गेलेल्या माणसाचे कपडे लग्नकार्यात नकोत, असं काही घरांत मानतात. माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात ते दुपटं आजीच्या जुनेराचंच असतं, कारण वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या सुताइतकं मायेचं कापड दुसरं नाही. जन्माला चालतं ते लग्नाला का चालू नये? तरीही मामींचं मन खात असेल तर वाद घालू नका. गोधडी लग्नाच्या दिवशी न देता पहिल्या दिवाळसणाला द्या. तुम्हालाही शिवायला तेवढे दिवस जास्त मिळतील.

साड्या सुतीच घ्या. रेशमी साडी जुनी झाली की घडीवर चिरते आणि गोधडीत तर ती सतत ओढली जाते. नायलॉन, पॉलिस्टर सुईखाली घसरतं, घाम शोषत नाही. आजीची पैठणी असेल तर तिला कात्री लावू नका, ती बहिणीनं नेसावी. इरकल असेल तर तिचं सुती अंग वापरा आणि पदर आधी तपासा. तो बहुतेक वेळा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि धुतल्यावर सुताबरोबर वागत नाही.

प्रत्येक साडी दोन हातांत उजेडासमोर धरा. जिथून प्रकाश जाळीसारखा येतो, तिथं ती विरलेली आहे. मग दोन्ही मुठींत वीतभर कापड धरून उभं आणि आडवं हलकेच ताणा. ‘टर्र’ असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली, तर तो भाग वर घेऊ नका. टाकूनही देऊ नका, तो मधल्या थरात जाईल. गोधडीचं पोट विरलेल्या कापडानंच भरायचं असतं. रंगासाठी पांढरा ओला रुमाल साडीवर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ती साडी पाण्याला रंग लागेनासा होईपर्यंत वेगळी धुवा, आणि तरीही लागत राहिला तर फिक्या साड्यांच्या शेजारी तिला बसवू नका. डांबरगोळ्यांचा वास एका धुण्यात जात नाही. दोन-तीन दिवस उन्हात आणि वाऱ्यावर साड्या टाका.

आता कापड किती लागतं ते पाहू. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोडी कमी रुंद असते. ती बरोबर मध्ये कापली की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे होतात. ते लांबीच्या बाजूनं एकमेकांना जोडले की साडेसात फूट बाय नऊ फुटांचा एक थर तयार. डबलबेडवर पांघरायला हा आकार भरपूर होतो. म्हणजे एक सहावारी, एक थर. खालचा एक, वरचा एक आणि मध्ये दोन, अशा चार साड्यांची गोधडी पुण्याच्या हिवाळ्याला पुरते. नऊवारीचे असेच तीन तुकडे पडतात, म्हणजे दोन लुगड्यांत तीन थर. सहा-सहा थरांची करायचा मोह टाळा. चार थरांची गोधडी कोरडी दोन किलोंच्या आसपास भरते. जास्त थरांची झाली तर ओली असताना फ्लॅटच्या बाल्कनीतल्या दोरीला पेलवत नाही, मग तिला धुवायचा कंटाळा येतो आणि ती खरंच माळ्यावर जाते.

माझी चूक इथंच झाली होती. माझ्या चुलतबहिणीसाठी मी आमच्या आजीच्या तीन साड्या घेतल्या, आणि चौथी चांगली मिळाली नाही म्हणून खालचा थर कोऱ्या मांजरपाटाचा लावला, न धुता. गोधडी दिसायला सुरेख झाली. बहिणीनं पहिल्यांदा धुतली आणि कोरं कापड आटलं. आजीच्या साड्या शंभर वेळा धुतलेल्या, त्या आटायच्या तेवढ्या कधीच आटून गेलेल्या. खालचा थर आखडला, वरचे तसेच राहिले आणि टाक्यां-टाक्यांमध्ये वरचं कापड फुगे आल्यासारखं उभं राहिलं. मला ती सबंध कडेपासून उसवून पुन्हा घालावी लागली. म्हणून नवं कापड जोडायचंच असेल तर आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे चौथी साडी नवऱ्यामुलाच्या घरून मागून घ्या. त्याला गुपचूप फोन करा आणि त्याच्या आईची किंवा आजीची एखादी जुनी सुती साडी मिळेल का विचारा. अंगाला लागणारा खालचा थर तिचा झाला तर तो मुलगाही त्या गोधडीत पाहुणा राहणार नाही.

थर जमिनीवर घालायचे. फरशी पुसून घ्या, खालचा थर उलटा पसरा, चारही कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, काय जड असेल ते ठेवून ताठ करा. त्यावर मधले थर. जोडाच्या शिवणी एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर मधोमध जाड कणा तयार होतो. शेवटी वरचा थर सुलटा. हातानं मधून कडेकडे सारखं करत न्या आणि मग सगळीकडे वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच घाई करतात. गोधडी कडेकडून आत शिवत जाण्याची पद्धत आहे. टाचणं ढिलं असेल तर प्रत्येक फेरीबरोबर वरचं कापड थोडं थोडं आत सरकतं आणि शेवटी मध्यावर मूठभर झोळ उरतो. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर तळहात आतल्या बाजूला फिरवून पाहा. वरच्या थराची लाट हाताला लागली तर तिथंच थांबा, तेवढ्या फेऱ्या उसवा आणि पुन्हा टाचा. पुढे जाऊन ती लाट जिरत नाही.

टाका साधा धावदोऱ्याचा. जाड सुती दोरा, लांब सुई, बोटात अंगुस्तान. चार थरांतून सुई काढताना बोट सोलून निघतं. दोरा ओढून चुण्या पाडायच्या नाहीत, कापडावर नुसता निजवायचा.

तुम्ही विचाराल, बटण लावणाऱ्या बाईनं एवढं करायचं? हिशोब करू. या आकाराच्या गोधडीवर इंचा-इंचाच्या अंतरानं फेऱ्या घातल्या तर धावदोऱ्याची लांबी होते जवळपास अडीचशे मीटर. माझा हात तासाला चार मीटर चालतो, म्हणजे साठ-पासष्ट तास. दोन-दोन इंचांवर फेऱ्या घातल्या तर काम निम्मं होतं, तीस-बत्तीस तास. आत कापूस नाही, नुसते साड्यांचे थर आहेत, त्यामुळे दोन इंचांनी चालतं. नवख्या हाताला पन्नास तास धरा. तुमच्याकडे बोलण्याचा आणि धुण्याचा वेळ वजा जाता आठ आठवडे उरतात. रोज पाऊण तास बसलात तर चाळीस-बेचाळीस तास भरतात आणि उरलेल्यासाठी रविवार आहेत. होण्यासारखं आहे, पण काठावर आहे. आधी उशीच्या अभ्र्याएवढ्या चार थरांवर हात बसवून बघा. एका संध्याकाळीच कळेल, तुम्हाला यात सुख वाटतंय की ओझं.

ओझं वाटलं तर शिवून घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. गावोगावी बचत गटांतल्या बायका गोधड्या शिवून देतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे असाल तर ‘वाकळ’ म्हणून विचारा. फक्त मजुरीत घासाघीस करू नका. तीस तासांचं काम आहे, तासाला शंभर रुपये धरले तरी तीन हजार होतात, आणि ते तुमच्या आवाक्यात आहेत. देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. आत फोम किंवा पॉलिस्टरचा भराव घालायचा नाही. पदर आणि काठ कापून फेकायचे नाहीत, ते वरच्या थरावर दिसले पाहिजेत. आणि कात्री लावण्याआधी साड्या कशा मांडल्यात त्याचा फोटो पाठवायचा. माझ्या ओळखीच्या एकीला आजीचा जरतारी नसलेला, साधा पण फार लाडका पदर ‘विटका वाटला म्हणून’ चिंध्यांत गेल्याचं नंतर समजलं. शिवणाऱ्या बाईचा दोष नव्हता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हातशिलाई म्हणून घेतली आणि मशीनची निघाली, असंही होतं. ओळखणं सोपं आहे. मशीनची टीप सलग रेघेसारखी दिसते, टाक्याला टाका चिकटलेला. हाताच्या धावदोऱ्यात टाका, मोकळी जागा, टाका, मोकळी जागा असं दिसतं आणि सगळे टाके अगदी एकसारखे नसतात. मशीनची गोधडी वाईट असते असं नाही, ती लवकर होते आणि स्वस्त पडते. लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनी मशीनच निवडावी.

तुमच्यासाठी मी मधला मार्ग सुचवेन. थर मांडणं, टाचणं आणि बहुतेक फेऱ्या शिवणाऱ्या बाईंकडे द्या, पण शेवटच्या चार-पाच फेऱ्या, अगदी मध्यावरच्या, मोकळ्या ठेवायला सांगा. मग लग्नाआधी एका दुपारी आई, मावश्या, मामी यांना एकत्र बोलवा. गोधडी मध्ये पसरा आणि प्रत्येकीला एक-एक फेरी घालू द्या. चहा होईस्तोवर होतं. कुणाचा टाका लांब पडेल, कुणाचा तिरका, तो सारखा करू नका. पुढे कधीतरी तुमची बहीण त्या जागेवर बोट ठेवून सांगेल, ही आत्याची फेरी, ही आईची.

शेवटी एका कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, पांढऱ्या कापडाची चार बोटांची पट्टी लावा. त्यावर न जाणाऱ्या शाईनं किंवा दोऱ्यानं लिहा, कोणती साडी कुणाची. ‘हिरवी – आजी, रोजची.’ ‘जांभळी – आजी, पंढरीला नेसायची.’ ‘खालची – यांच्याकडच्या आजींची.’ आत्ता सगळ्यांना आठवतंय, वीस वर्षांनी आठवणार नाही.

कधी द्यायची, तेही सांगते. मांडवात नको. स्टेजवर रांग लागलेली असते, फोटोवाला घाई करतो आणि तुमची गोधडी इतर खोक्यांच्या ढिगाऱ्यात जाते. शिवाय पत्रिकेतली विनंती मोडल्याचं चारचौघांत दिसेल. तुमच्या घरी तिचं केळवण कराच. जेवण झालं, सगळे पाय पसरून बसले की आतून आणून तिच्या मांडीवर ठेवा. सोबत धुण्याच्या सूचना सांगा : पहिले दोन वेळा थंड पाण्यात, एकटी, मशीनमध्ये टाकलीच तर हलक्या चक्रावर, वाळत घालताना एका दोरीवर न टांगता दोन दोऱ्यांवर पसरून, म्हणजे पाण्याच्या वजनानं टाके ओढले जात नाहीत. लग्नाच्या दिवशी मग खरंच मोकळ्या हातांनी जा आणि अक्षता टाका.

ज्यांच्याकडे आजीच्या साड्या उरल्याच नाहीत, किंवा जिथं भाऊ भावाला भेट देतोय, त्यांच्यासाठी एवढंच : आजोबांची धोतरं, वडिलांचे सुती सदरे, आईचे गाऊन, सगळ्यांचं कापड चालतं. सदऱ्याचे तुकडे लहान पडतात, त्यामुळे वरचा थर ठिगळांचा करावा लागतो आणि जोडकामालाच आठ-दहा दिवस जास्त जातात, ते धरून चाला.

आणि मामींनी साड्यांना साफ ‘नाही’ म्हटलं तर गोधडीचा नाद सोडा. त्याऐवजी त्यांच्याशेजारी दोन दुपारी बसून आजीच्या हातचे दहा-बारा पदार्थ वहीत लिहून घ्या, ‘अंदाजानं’ हा शब्द आला की वाटी पुढे करून मोजून घ्या, आणि ती वही बहिणीला द्या. पण आधी साड्यांचं विचारा. मला वाटतं, मामी ट्रंक उघडून देतील.